शियांगची (चिनी बुद्धिबळ): तोफ, नदी आणि समोरासमोर आलेले राजे, कोणी समजावेल का?

चौसष्टीतला
नमस्कार मंडळी. सध्या कामानिमित्त सिंगापुरात आहे. चायनाटाऊनच्या चौकात म्हातारे लोक दुपारभर शियांगची खेळत बसलेले असतात, मागे पाचसहा जण उभे राहून फुकटचे सल्ले देत असतात, एकदम आपल्या पाराखालचं वातावरण. मी साधा क्लब लेव्हलचा बुद्धिबळ खेळाडू. ऑफिसातल्या एकाने सोंगट्या कशा चालतात ते शिकवलं आणि आता अॅपवर खेळतोय. पण तीन गोष्टी डोक्यात बसत नाहीत.

एक, तोफ. काळ्याकडून खेळत होतो. लालने पहिल्याच चालीत तोफ मधल्या उभ्या रेघेवर आणली, मी पण माझी त्याच बाजूची तोफ मध्ये आणली, तर त्याने डायरेक्ट माझं मधलं प्यादं मारलं आणि अॅप म्हणतं शह! त्याच्या तोफेच्या आणि माझ्या राजाच्या मध्ये माझी तोफ उभी आहे की राव, मग शह कसला?
दोन, ती नदी. ओलांडायला वेगळी चाल लागते का?
तीन, दुसऱ्या एका डावात मंत्री हलवायला गेलो तर अॅप हलवूच देईना. शह नव्हता, काही नव्हतं.

हत्तीवाला_पुणे
नदीचं मला माहितीये. हत्ती नदी ओलांडू शकत नाही. म्हणजे अर्धा पट हत्तीला बंदच. असा खेळ काय मजा येणार, सगळ्यात तगडी सोंगटी घरी बसवून ठेवायची?

ग्वांगझोऊकर
हत्तीवाले, तुमचा हत्ती सुटा आहे, काळजी नको :) आपण ज्याला हत्ती म्हणतो तो तिथे रथ. चाल तीच, उभा आडवा कितीही, नदी कुठेही ओलांडतो, आणि पटावरची सगळ्यात तगडी सोंगटी तोच कारण आपल्यासारखा वजीर इथे नाहीच. घरी बसतो तो चिनी गज. तो तिरका बरोब्बर दोन बिंदू जातो, मध्ये कोणी असेल तर अडतो, आणि नदीच्या अलीकडेच राहतो.

चौसष्टीतला, मी इथे बरीच वर्षं आहे आणि बागेतल्या मंडळींकडून मार खाऊन खाऊन शिकलोय. तुमचा पहिला प्रश्न फार भारी आहे म्हणून आधी तोच घेतो.

तोफ चालते रथासारखी, मध्ये काही नसेल तिथवर सरळ. मारताना मात्र तिला मध्ये बरोब्बर एक सोंगटी लागते. स्वतःची असो वा समोरच्याची, फरक नाही, तिच्यावरून उडी मारून ती पलीकडच्या पहिल्या सोंगटीला मारते. अंतर कितीही चालतं. मध्ये शून्य सोंगट्या, मारता येत नाही. मध्ये दोन, तरी मारता येत नाही.

आता तुमचा डाव बघा. लाल तोफ मध्ये आली, तिच्यापुढे तिचंच मधलं प्यादं, त्याच्या पलीकडे तुमचं मधलं प्यादं. म्हणजे स्वतःच्या प्याद्यावरून उडी मारून तिने तुमचं मारलं. मारल्यावर ती तुमच्या प्याद्याच्या जागी बसली. आता तुमच्या राजापासून खाली मोजा: राजा, मग एक रिकामा बिंदू, मग तुमची तोफ, मग लाल तोफ. मध्ये किती? एक. म्हणून शह. तुमची तोफ राजाला झाकत नव्हती, ती लालला उडीसाठी पायरी देत होती.

चौसष्टीतला
अरे देवा. म्हणजे आपल्याकडे शह आला की मध्ये सोंगटी घालायची, इथे मध्ये सोंगटी आहे म्हणून शह आहे.

ग्वांगझोऊकर
हो, पण पूर्ण उलटं पण नाही. तिथे तुम्ही काय केलं?

चौसष्टीतला
राजा एक पुढे घेत होतो, घेऊ देईना. मग वैतागून मंत्री मध्ये टाकला तर चाललं. का चाललं ते कळलं नाही.

ग्वांगझोऊकर
राजा पुढे घेतला तरी मध्ये तुमची तोफ आहेच, म्हणजे शह तसाच. डावी उजवीकडे तुमचेच मंत्री बसलेत, तिकडे जागा नाही. मंत्री राजापुढे टाकल्यावर मध्ये झाल्या दोन सोंगट्या, तोफ आणि मंत्री, म्हणून शह संपला. म्हणजे मध्ये सोंगटी घालून तोफेचा शह तोडता येतो, फक्त मोजणी दोनवर न्यायची. नाहीतर उलटं, मधली सोंगटी काढून घ्यायची आणि मोजणी शून्यावर आणायची.

पण आता खरी गंमत. मंत्री टाकल्यावर पुढे त्या दोघांतलं कोणी हलवून बघितलं?

चौसष्टीतला
तोफ हलवायला गेलो तर नाही म्हणालं! मी समजलो अॅप हँग झालं.

ग्वांगझोऊकर
हँग नाही. तोफ हलली तर मध्ये उरतो एकटा मंत्री, शह. मंत्री हलला तर उरते एकटी तोफ, पुन्हा शह. म्हणजे दोघंही पिनमध्ये. आपल्याकडे पिन झाली की एक सोंगटी अडकते, इथे एका तोफेने दोन अडकवल्या. बुद्धिबळातून आलेल्या माणसाला हे नजरेला बसायला वेळ लागतो, कारण आपली सवय असते की राजापुढे दोन सोंगट्या म्हणजे राजा सेफ आणि त्यातली एक तरी मोकळी.

सोल_रिटर्न
थोडं करेक्ट करतो. तोफ उडी मारल्याशिवाय सरकत पण नाही. नुसतं चालायला सुद्धा मध्ये एक सोंगटी लागते. आणि तोफ दुसऱ्या तोफेवरून उडी मारूच शकत नाही, तोफेला मारू पण शकत नाही. त्यामुळे वर जो शह सांगितलाय तो शहच नाहीये. मी दोन वर्षं कोरियात होतो, लंच टाइमला रोज खेळायचो.

ग्वांगझोऊकर
सोल_रिटर्न, तुम्ही सांगताय ते शंभर टक्के बरोबर आहे, फक्त खेळ वेगळा आहे. तुमचा तो जांगी. सोंगट्यांची नावं जवळपास सारखी, पट पण नऊ रेघा गुणिले दहा रेघा, म्हणून घोळ होतो. पण जांगीत नदी नाही, गज सगळीकडे फिरतो, आणि तोफेचे नियम तुम्ही म्हणता तसे. चिनी खेळात तोफ नुसती सरकताना मोकळी रेघच लागते आणि तोफेवरून तोफ मजेत उडते.

सोल_रिटर्न
अच्छा, मला वाटलं एकच खेळ आहे, इकडे तिकडे थोडे नियम वेगळे. तरीच चिनी कलीग माझ्याशी खेळताना वैतागायचा.

ठाणे_लोकल
मग पहिल्याच चालीत फुकट घोडा मिळतो की! आत्ता पट उघडून बघितला. लाल तोफेच्या सरळ समोर काळी तोफ आणि तिच्यामागे काळा घोडा. काळ्या तोफेवरून उडी, घोडा खल्लास. हे कोणी कसं खेळत नाही?

ग्वांगझोऊकर
नियमात बसतं, बागेत पोरं खेळतात पण. घोड्याच्या शेजारी कोपऱ्यात काळा रथ आहे, तो तुमची तोफ मारणार. म्हणजे घोडा घेऊन तोफ दिली. सुरुवातीला पट भरलेला असतो, उडीसाठी हवी तिथे सोंगटी सापडते, म्हणून तेव्हा तोफेचं वजन घोड्यापेक्षा जरा जास्त. शेवटाकडे पट रिकामा होतो, मध्ये उभं राहायला कोणी उरत नाही, आणि घोड्याला मात्र पाय अडवणारे कमी होतात, कारण इथला घोडा उडी मारत नाही, ज्या दिशेला जायचंय तिकडच्या लगतच्या बिंदूवर सोंगटी असली की त्याचा पाय अडतो. म्हणून तेव्हा घोडा चढतो. तर पहिल्याच चालीत तोफ देऊन घोडा घेणं म्हणजे महाग असताना विकणं नव्हे, महाग असताना फुकून टाकणं. वर काळ्याचा रथ कोपऱ्यातून बाहेर आला तो वेगळाच.

चौसष्टीतला
मग माझ्या डावात लालने प्यादं मारलं ते चांगलं का वाईट?

ग्वांगझोऊकर
घाईचं. तुम्ही मंत्री टाकल्यावर तुमचा त्याला धोका काय? दोन्ही घोडे. बाजूचा घोडा राजाच्या बाजूने मध्याकडे आणला की तो त्या तोफेवर हल्ला करतो. म्हणजे तुम्ही सोंगटी बाहेर काढताय आणि लाल आपली एकच तोफ घेऊन पळतोय. प्यादं मिळालं, चाली गेल्या. खरं तर मधल्या तोफेला सगळ्यात नेहमीचं उत्तर घोडाच आहे, कारण तो घोडा मधल्या प्याद्याला जोर देतो. मारलं प्यादं तर तोफ गेली.

निशा_क
मला विचारायचंय की पुण्यात हा सेट कुठे मिळेल? मुलीला सुट्टीत शिकवायचा आहे. चिनी अक्षरांऐवजी चित्रं असलेला मिळाला तर उत्तम.

ठाणे_लोकल
ऑनलाइन मिळतात चित्रवाले. नाहीतर पुठ्ठ्यावर रेघा मारा आणि कॅरमच्या सोंगट्यांवर स्टिकर. बत्तीस सोंगट्या लागतात पण कॅरमच्या राणी धरून एकोणीसच, त्यामुळे दोन सेट लागतील.

निशा_क
ही आयडिया मस्त आहे. म्हणजे सोंगट्या घरात न ठेवता रेघांच्या काट्यावर ठेवायच्या ना?

ग्वांगझोऊकर
हो, काट्यावर. नदी म्हणजे मधली पट्टी, तिथे उभ्या रेघा तोडा, कडेच्या दोन सोडून. आणि चौसष्टीतला, हेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तिथे रेघ पुसलेली दिसली तरी ती आहे असंच समजायचं. रथ, घोडा, तोफ यांच्यासाठी नदी नाहीच, अलीकडच्या काठावरून पलीकडच्या काठावर एकच पाऊल. फरक पडतो फक्त गजाला आणि प्याद्याला.

प्यादं अलीकडे असताना एक पुढे, आणि मारतं पण सरळ पुढेच, तिरकं नाही. बुद्धिबळवाले इथे फसतात, समोर आलेलं प्यादं अडकलं असं समजतात आणि ते सरळ खातं. नदी ओलांडली की पुढे किंवा आडवं, पण मागे कधीच नाही. बढती वगैरे प्रकार नाही, शेवटच्या रेघेवर पोचलं की बिचारं नुसतं आडवं सरकत बसतं.

चौसष्टीतला
दोन्हीकडची प्यादी समोरासमोर आहेत, मध्ये दोन बिंदू रिकामे. आधी कोणी ढकलायचं?

ग्वांगझोऊकर
हेच तर. ज्याने आधी काठावर आणलं त्याचा फायदा. समजा तुम्ही एक पुढे केलं, आता मध्ये एकच बिंदू. समोरच्याने पण पुढे केलं तर त्याचं तुमच्यासमोर येऊन टेकलं आणि चाल तुमची, खाल्लं. म्हणून तो ते प्यादं ढकलत नाही. आणि त्या प्याद्यामागे त्याचा घोडा येऊन बसलेला असेल तर घोड्याच्या पुढ्यात स्वतःचंच प्यादं अडकून बसतं, पाय अडला. तुमचा घोडा मात्र मोकळा.

इतिहासाचा_किडा
पटावर त्या नदीत लिहिलेलं असतं त्याचा अर्थ चू राज्याची नदी आणि हानची हद्द. श्यांग यू विरुद्ध ल्यू बांग. इ.स.पू. २०३ मध्ये दोघांनी हनान प्रांतातल्या होंग कालव्याला सीमा मानून राज्य वाटून घ्यायचा तह केला, मग ल्यू बांगने तो मोडला आणि २०२ मध्ये श्यांग यू हरला, हान घराणं सुरू झालं. बाकी हा खेळ आपल्या चतुरंगावरूनच तिकडे गेला हे सगळ्यांना माहितीच आहे.

ग्वांगझोऊकर
नदीचा किस्सा बरोबर. चतुरंगाचं मात्र सगळ्यांना माहिती वगैरे नाही, चिनी लोक वेगळं सांगतात, अभ्यासकांत एकमत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील.

इतिहासाचा_किडा
काढतोच :)

विदर्भी_वजीर
तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो म्या. राजा उडतो! मध्ये कोणी नसलं तर राजा सरळ रेघेत उडून समोरच्या राजाले मारते. म्हणून त्याले उडता सेनापती म्हणतात. याचा मंत्री मधात होता, हलला असता तर समोरच्या राजाने याचा राजा खाल्ला असता. म्हणजे राजा बी रथासारखी सोंगटी आहे, फक्त राजावरच चालते.

ग्वांगझोऊकर
विदर्भी भाऊ, लक्षात ठेवायला एकदम झकास पद्धत. फक्त प्रत्यक्षात राजा कधी उडत नाही. नियम असा की दोन्ही राजे एकाच उभ्या रेघेवर, मध्ये काहीच नाही, अशी स्थिती जो आणेल त्याची चाल चुकीची. बागेत कोणी चुकून केलं तर समोरचा हसत राजा उचलतो आणि डाव संपवतो, ते वेगळं. अॅप मुळात करूच देत नाही. चौसष्टीतलाच्या डावात दोन राजांमध्ये तो एकच मंत्री असणार.

चौसष्टीतला
हो, तेच होतं! आत्ता डाव पुन्हा उघडून बघितला. पण मग हा नियम बचावाचाच झाला ना? हलता येत नाही एवढंच.

ग्वांगझोऊकर
नाही हो, हा तर हल्ल्याचा नियम आहे. राजा महालातल्या नऊ बिंदूंतच फिरतो, तरी मोकळ्या रेघेवर उभा राहून तो थेट समोरच्या महालापर्यंत पहारा देतो. एक साधी स्थिती मांडा. उभ्या रेघा लालच्या डावीकडून १ ते ९, आडव्या लालकडून १ ते १०. लाल राजा उभी ५ आडवी १ वर, मधली रेघ पूर्ण मोकळी. काळा राजा एकटा, उभी ४ आडवी १० वर. लाल रथ ४ नंबरच्या रेघेवर, काळ्या राजाला न टेकता, कुठेही आला की शह. काळा राजा ५ वर जाऊ शकत नाही, तिकडे लाल राजा बघतोय. पुढे सरकला तरी रथाच्या रेघेवरच. मात. आपल्याकडे एका हत्तीने मात करायला राजाला पायपीट करत समोर न्यावं लागतं, इथे तो नऊ रेघा लांबून, घरी बसून काम करतो.

आता रथ काढा, त्याऐवजी एक लाल प्यादं ठेवा, उभी ३ आडवी ८ वर. चाल लालची. काय खेळाल?

चौसष्टीतला
शह द्यायचा तर... प्यादं ४ वर आणून? उभी ४ आडवी ८. राजा आडवी १० वर आहे, मध्ये एक बिंदू, शह नाही.

ठाणे_लोकल
प्यादं एक पुढे, ३ आडवी ९. पण शह तर नाहीच हा. आणि काळ्याला चाल पण नाही, ५ वर राजा समोर येतो, पुढे आला तर प्यादं आडवं खाणार. स्टेलमेट, ड्रॉ. लालने वाट लावली.

ग्वांगझोऊकर
चाल बरोबर, निकाल उलटा. शियांगचीत ज्याला चाल उरली नाही तो हरला. शह असो नसो. लाल जिंकला.

ठाणे_लोकल
काय सांगता!! म्हणजे एकट्या प्याद्याने जिंकलं?

ग्वांगझोऊकर
प्यादं आणि घरी बसलेला राजा. नदी ओलांडलेलं होतं म्हणून आडवं मारण्याचा धाक, समोरासमोर राजे चालत नाहीत म्हणून ५ नंबर बंद. पण प्यादं आधीच ९ वर असून चाल तुमची असेल आणि हाव करून आणखी एक पुढे, म्हणजे १० नंबरच्या रेघेवर प्यादं नेलंत तर बरबाद. शह मिळतो, काळा राजा आरामात पुढे ९ वर येतो, आणि तुमचं प्यादं परत मागे येऊ शकत नाही. म्हणून इथले म्हातारे प्यादं शेवटच्या रेघेवर ढकलणाऱ्या माणसाला बघून च् च् करतात.

विदर्भी_वजीर
अजून एक, राजा लांबूनच जोर पण देते. मधली रेघ मोकळी असताना आपला रथ त्याच्या राजाला टेकवून शह द्या, त्याले रथ खाता येत नाही. खाल्ला की राजे समोरासमोर.

ग्वांगझोऊकर
अगदी. फक्त बाजूचा मंत्री तिरका येऊन रथ खाऊ शकतो, मंत्र्याला हा नियम आडवा येतोच असं नाही. तो रथाच्या जागी येऊन बसला की मध्ये तोच सोंगटी झाला. तेवढं बघून घ्या.

निशा_क
मुलीला तोफेची मात कशी सांगू? सोपी एखादी.

ग्वांगझोऊकर
दोन तोफा एकामागे एक, राजाच्या रेघेवर. मागची तोफ पुढच्या तोफेवरून शह देते. आता काळा म्हणेल वर शिकलो तसं मध्ये आणखी एक सोंगटी घालू, मोजणी दोन होईल. घाला. राजा आणि पुढची तोफ यांच्यामध्ये सोंगटी आली की मागच्या तोफेचा शह तुटला, पण पुढच्या तोफेला उडी मिळाली आणि तिचा शह लागला! फक्त दोन तोफांच्या मध्ये काही घालता आलं किंवा कुठलीतरी तोफ मारता आली तर वाचतो, किंवा राजाला बाजूला जागा असेल तर. राजा बहुतेक वेळा आपल्याच मंत्र्यांमध्ये कोंडलेला असतो, म्हणून ही मात नवशिक्यांच्या डावात सतत दिसते.

निशा_क
हे कळलं. कॅरमच्या सोंगट्या मांडून करून पण बघितलं.

सोल_रिटर्न
जांगीत ही मात होऊच शकत नाही, तोफ तोफेवरून उडत नाही ना. आणि राजे समोरासमोर आणणं तिथे चालतं, समोरच्याने लगेच मोडलं नाही तर डाव ड्रॉ धरायचे आम्ही.

चौसष्टीतला
एक शंका उरली. माझ्या त्या पहिल्या डावात, लाल तोफेने मधलं प्यादं मारून शह दिला तेव्हा मंत्री टाकण्याऐवजी मी माझ्या तोफेने लाल तोफेवरून उडी मारून लालचं मधलं प्यादं मारलं असतं तर? माझी तोफ निघून गेली म्हणजे मध्ये शून्य, शह तुटला, आणि प्याद्याला प्यादं.

विदर्भी_वजीर
मस्त! हेच खेळायचं. आता तुझी तोफ बी त्याच्या राजासमोर उघडी. त्याने मधात काही आणलं की त्यालेच शह. दुसरी तोफ मध्ये आणायचा त्याचा नेहमीचा प्लॅन गेला.

ग्वांगझोऊकर
नियमात बसतं. पण लाल तोफ पण तुमच्या उघड्या राजासमोर आहे. मध्ये रिकामं असताना शह नाही, पण तुमची कुठलीही सोंगटी त्या दोन बिंदूंवर आली की तुम्ही स्वतःच शहात, म्हणून मंत्री वर घेता येणार नाहीत. दोघांचं दुखणं सारखं, आणि चाल लालची आहे. तो घोडा काढून तुमच्या तोफेवर येईल, तुम्ही तुमचा घोडा काढून त्याच्या तोफेवर याल, आणि पुढे तो एक चाल पुढे आहे. मी तिथे मंत्रीच टाकतो.

विदर्भी_वजीर
एक चालीनं काय होते? दोन्ही घोडे दोन्ही तोफा खातील, बराबरी. मी तर तोफच मारीन.

ग्वांगझोऊकर
या एकदा ऑनलाइन, मी लाल घेतो. घोडा काढण्याआधी रथ आडवा काढला तर तुम्ही काय करता बघायचंय.

विदर्भी_वजीर
शनिवारी रात्री नऊ, भारतीय वेळ. लिंक इथेच टाकतो.